दोरीवरची दुपार

माझ्या सुनेला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला ‘आलेच’ म्हणतात, आणि हे बारसं मीच केलं आहे. दिवसातून पन्नासदा ती ‘आलेच’ म्हणते आणि येत नाही. खोटं बोलत नाही बिचारी, म्हणते तेव्हा मनाने ती निघालेलीच असते. पण वाटेत तिला एक बटण सापडतं. बटणावरून शर्ट आठवतो, शर्ट शोधायला कपाट उघडतं, आणि कपाटात मागच्या वर्षी हरवलेली कात्री असते. मग ती हसत हसत बाहेर येऊन मला कात्री दाखवते. मी तिकडे घोटभर पाण्याची वाट बघत बसलेली असते.

मी उभी हयात ग्रंथालयात काढली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, कोणी नेलंय आणि कोण परत करणार नाही, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. घरातसुद्धा सुईपासून सांडशीपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अशा घरात माझ्या मुलाने ही बाई आणली. त्याला विचारलं, काय बघितलंस हिच्यात? तर म्हणाला, ‘आई, ती खूप हसते.’ खरं होतं ते. चावी दाराला बाहेरून तशीच राहिली की आम्ही ओरडायचो आणि ती हसायची. पण लोकांचं बोलणं ऐकून घेताना हसणारं माणूस आतून किती थकतं, ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि मान मागे टाकून केस धुवायचं बेसिन. हातात कात्री आली की ही बाई वेगळीच. तिथे तिचं लक्ष हलत नाही, बाहेर बँड वाजला तरी मान वळणार नाही. दोन्ही मनगटांवर केस बांधायची रंगीत रबरं बांगड्यांसारखी चढवलेली असतात. केसांची बट वेगळी केली की न बघता डाव्या मनगटावरचं एक ओढायचं, बांधायचं आणि पुढे जायचं. बायका लांबून तिच्याकडे यायच्या. गोंधळ व्हायचा तो हातातली कात्री खाली ठेवली की. एकदा बँकेतल्या मॅनेजरबाईंच्या केसांना ब्लीच लावून ही ‘टॉवेल घेऊन आलेच’ म्हणत आत गेली. आत तिला जुने फोटो सापडले. मॅनेजरबाई बाहेर बसून राहिल्या आणि केस पिवळे, पांढरे होत होत शेवटी तुटायला लागले. पुढे वर्षभर त्या डोक्याला रुमाल बांधून बँकेत गेल्या.

त्या दिवशी मात्र आलेच हसली नाही. बेसिनपाशी बसून रडली आणि म्हणाली, ‘आई, मी मुद्दाम नाही हो करत.’ मी म्हटलं, ‘मुद्दाम करत असतीस तर बरं झालं असतं. थांबवता तरी आलं असतं.’ माझी जीभ अशीच आहे.

तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. ज्यांना रोजची साधी कामं अडतात, त्यांना ती करायला शिकवायची, हे त्यांचं काम. त्यांनी आलेचला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. बऱ्याच बैठका झाल्या, शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं मागवली, मलाही बोलावून प्रश्न विचारले. शेवटी निदान झालं एडीएचडी, म्हणजे लक्ष धरून ठेवायला जड जाणं. मी म्हटलं, हा लहान मुलांचा आजार ना? थेरपीबाई म्हणाल्या, ‘मुलं मोठी होतात आजी, तो त्यांच्याबरोबर मोठा होतो. हिची अक्कल कमी नाही आणि कळकळही कमी नाही. फक्त पुढे करायची गोष्ट डोक्यात धरून ठेवायला हिच्याकडे खुंटी नाही. आणि वेळ हिला दिसत नाही. हिच्यासाठी दोनच वेळा असतात, आत्ता आणि नंतर. नंतर म्हणजे कधीच नाही.’

मग औषध द्या की, मी म्हटलं. ‘ते डॉक्टर देताहेत,’ त्या म्हणाल्या, ‘पण आठवण ठेवायचं काम हिच्या डोक्याकडून काढून घराला द्यायचंय. तुमच्या ग्रंथालयात कुठलं पुस्तक कधी परत यायचं हे तुम्ही पाठ करायचात, की पुस्तकावर शिक्का मारायचात?’

मी पाठच करायची. पण शिक्काही मारायची.

आलेचने आनंदाच्या भरात पहिल्याच आठवड्यात सगळ्या घराला चिठ्ठ्या चिकटवल्या. गॅसवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, आरशावर तर इतक्या की गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसेना. मला राहवलं नाही. मी एक पिवळी चिठ्ठी घेतली, तिच्या अक्षराची नक्कल केली, ‘सासूबाई म्हणतील तीच पूर्व दिशा’ असं लिहिलं आणि आरशाच्या मधोमध लावून दिली. आठवडा गेला, चिठ्ठी तिथेच. आलेच तिच्यासमोर उभी राहून केस कापत होती, पण तिला ती दिसलीच नाही. शेवटी थेरपीबाई आल्या, वाचून पोट धरून हसल्या आणि आलेचला म्हणाल्या, ‘बघ, सासूबाईंनी माझं काम केलं. रोज तीच गोष्ट त्याच जागी दिसली की डोळे तिला भिंत समजतात. साठ चिठ्ठ्या म्हणजे एकही नाही. सगळ्या काढ. जे काम जिथे करायचंय, आठवण तिथेच हवी, आणि जेव्हा करायचंय तेव्हाच ती आडवी यायला हवी.’

आलेचने सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, माझी तेवढी ठेवली. आजही ती आरशाच्या कोपऱ्यात आहे आणि तिचा काडीचा उपयोग नाही.

त्यानंतर पार्लर मार्गी लागलं. ब्लीच लावलं की टायमर ती स्वतःच्या एप्रनला अडकवू लागली, म्हणजे जिथे जाईल तिथे तो बरोबर. बाजारातून काही आणायचं असेल तर रिकामी बाटली दाराच्या कडीला टांगायची. बाहेर पडताना हाताला लागतेच. घरातल्यांना वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

इथे एक सांगायला हवं. माझा डावा डोळा लहानपणापासून मंद आहे. त्याला माणूस आहे की खांब एवढंच कळतं. जे काही वाचलं ते उजव्याने, आणि मोतीबिंदू झाला तोही उजव्यालाच. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की खरं काम पुढचं आहे. दोन प्रकारचे थेंब. लाल टोपीचे आणि पांढऱ्या टोपीचे. लाल टोपीचे पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. पांढऱ्याचे नेहमी चार वेळा. दोन्ही एका वेळी आले तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मला एकटीला ते नीट घालता येईनात. हात कापायचा, आणि थेंब गालावर नाहीतर नाकावर. मुलाची नोकरी दिवसभराची. घरात दिवसा असते ती आलेच.

माझी धाकटी बहीण लगेच धावून आली. तिला आम्ही लख्खमावशी म्हणतो. तिने हात लावलेलं भांडं आरशासारखं होतं आणि तिने आवरलेल्या घरात आपल्याला आपलंच काही सापडत नाही. ती म्हणाली, ‘ताई, तू माझ्याकडे चल. जिने बँकेतल्या बाईचे केस घालवले, तिच्या हाती डोळा देतेस? केस उगवतात तरी.’

आलेच दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, दुसरा मंद, त्यामुळे तिचा चेहरा काही मला दिसला नाही. नुसती उभी राहिलेली दिसली. तिने ‘आलेच’ म्हटलं नाही, हसलीही नाही. म्हणाली, ‘आई, मला करायचंय. एक वेळ जरी चुकली तरी तुम्ही मावशींकडे जा. मी अडवणार नाही.’

‘ठरलं,’ लख्खमावशी लगेच म्हणाली. तिला वाटलं दोन दिवसांचा प्रश्न आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी माझी पिशवी भरूनच ठेवली होती.

थेरपीबाई आणि आलेच दोघींनी मिळून एक दुपार घालवली आणि आमच्या घराचं ध्यान करून ठेवलं. पार्लरमधून स्वयंपाकघरात जायला एक बोळकांडी आहे. दिवसातून शंभर वेळा ती तिथून जाते. तिथे त्यांनी तोंडासमोर येईल अशी आडवी दोरी बांधली. दोरीवर पुठ्ठ्याची गोल घड्याळं चिमट्यांनी लावली, प्रत्येकाचे काटे रंगवलेले, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ त्या चित्रासारखं दिसलं की थेंब. सकाळपासून सगळी घड्याळं डाव्या बाजूला. थेंब घातला की ते घड्याळ उजवीकडे सरकवायचं. दोरीकडे बघितलं की दिवस किती झाला आणि किती उरला ते कळणार. थेंबांच्या बाटल्या ठेवायला एक लाल टोपली त्याच दोरीच्या मध्यावर टांगली, डोकं आपटेल अशी. मुलाचं रोज आपटायचं.

फोनही त्याच टोपलीत. त्यात गजर लावलेले. थेरपीबाई म्हणाल्या, ‘फोन हाताशी असला की गजर बंद करशील आणि बंद केलास म्हणजे काम झालं असं वाटेल. फोन बाटल्यांपाशी ठेव. गजर बंद करायला तिथे जावंच लागेल, आणि बाटली हातात आल्याशिवाय बंद करायचा नाही.’ गजराबरोबर पडद्यावर अक्षरंही यायची. नुसतं ‘औषध’ नाही, तर ‘कंगवा ठेव. हात धू. लाल टोपी. उजवा डोळा.’ एका गजरात आलेचने स्वतःच भर घातली होती, ‘वाटेत काही सापडलं तर उचलू नकोस.’

आणि शेवटची गोष्ट, जी मला तेव्हा पोरखेळ वाटली. ‘घरातली आठवण कोणी हलवू शकतं,’ थेरपीबाई म्हणाल्या, ‘एक अंगावर पण हवी.’ आलेचने आपली मनगटं पुढे केली. रबरं होतीच. त्यातली केस बांधायची सगळी काळी करून टाकली, आणि दिवसाच्या थेंबांसाठी रंगीत ठेवली. सकाळचं हिरवं, दुपारचं पिवळं, संध्याकाळचं जांभळं, असं करत करत. सकाळी सगळी डाव्या मनगटावर आणि थेंब झाला की ते रबर उजव्यावर.

गजर झाला की आलेच आत यायची, हात धुवायची, मला मान मागे टाकायला सांगायची, खालची पापणी हलकेच ओढायची आणि नळीचं टोक डोळ्याला लागू न देता थेंब सोडायची. मग नाकापाशी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायची. पाच मिनिटं मोजायला तिने माझ्या हातात वाळूचं घड्याळ दिलं. तिला आकडे कळत नाहीत असं नाही. पण पाच मिनिटं म्हणजे किती, हे तिला वाळू खाली जाताना दिसलं की पटतं. ती वाळू सरेपर्यंत आम्हा दोघींना उठता येत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही पाच मिनिटं सलग कधी बोललो नव्हतो. पहिल्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी मी तिला एका गिऱ्हाइकाची भानगड विचारली आणि तिने ती सांगितली. तिसऱ्या दिवसापासून वाळू मला जरा कमीच वाटू लागली.

पहिला आठवडा पार पडला. एकही वेळ चुकली नाही. मी पिशवीतून फक्त माझी शाल बाहेर काढली, थंडी वाजत होती म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, लख्खमावशी पुन्हा आली. मी झोपले होते. आलेच पार्लरमध्ये एका बाईच्या केसांना ब्लीच लावून बसली होती, एप्रनला टायमर. लख्खमावशी मागच्या दाराने घरात शिरली आणि तिने बोळकांडी बघितली. आडवी दोरी, चिमटे, पुठ्ठे, मध्येच टोपली. माझ्या बहिणीच्या जीवाला असं काही बघून जे होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. तिने दोरी सोडली, गुंडाळी केली, चिमटे चिमट्यांच्या डब्यात टाकले, पुठ्ठे एकावर एक नीट रचून ठेवून दिले. बाटल्या ‘औषधं आहेत, सांडतील’ म्हणून कुठेतरी नेऊन ठेवल्या. तेवढ्यात फोन वाजायला लागला. फोनशी तिचं तसं हाडवैरच. तिने लगेच पडद्यावर दोनचार ठिकाणी बोटं दाबली, पार्लरपर्यंत पोचायच्या आत आवाज थांबला. फोनही तिने बाटल्यांबरोबर ठेवून दिला. मग कपडा घेऊन बोळकांडीची भिंत पुसली आणि माझ्या उशाशी येऊन बसली.

मी जागी झाले तेव्हा ती म्हणाली, ‘आता कसं घर घरासारखं दिसतंय.’

मी अर्धवट झोपेत होते. विचारलं, ‘दुपारचा थेंब झाला का गं?’

‘झाला असेल. मी आल्यापासून तरी कोणी बोंबललं नाही.’

मी आठवून बघितलं. मान मागे टाकल्याचं आठवलं, थेंब जरा झोंबल्याचं आठवलं, वाळू सरकतानाची आठवली. आलेच सांगत होती की त्या कोपऱ्यावरच्या बाईचा नवरा गुपचूप केस काळे करतो, तेही आठवलं. म्हणजे झाला होता. माझी आठवण कधी चुकत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

तिकडे पार्लरमध्ये आलेचचा टायमर वाजला. तिने ब्लीच धुतलं, केस टॉवेलने टिपले, हेअर ड्रायर लावला. त्या भोंग्यापुढे घरात काय वाजतंय ते कोणाला कळणार. केस वाळवताना वरची बट बांधायला तिने सवयीने डाव्या मनगटावरचं रबर ओढलं. बोटाला आलं ते काळं नव्हतं, पिवळं होतं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पिवळं रबर या वेळी डाव्या हातावर असायला नको होतं. ड्रायर बंद करून ती गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘आलेच,’ आणि ती बाई घाबरून म्हणाली, ‘कुठे? केसांवर आता काही लावलेलं नाही ना?’

आलेच बोळकांडीत आली. दोरी नाही. टोपली नाही. भिंत स्वच्छ. मी आतून तिच्या पावलांचा आवाज ऐकला, आणि तो मध्येच थांबला. लग्न झाल्यापासून या घरात प्रत्येक हरवलेली वस्तू हिनेच हरवली, असं मानायची आमची सवय होती, आणि तिलाही ती सवय लागली होती. क्षणभर तिला वाटलं असणार, ‘दोरी मीच कुठे ठेवली की काय.’

ती माझ्या खोलीत आली. ‘आई, दुपारचा थेंब राहिलाय.’

‘झालाय,’ मी म्हटलं. ‘माझ्या लक्षात आहे.’

‘मलाही वाटतं झालाय,’ लख्खमावशी म्हणाली, जिला दुपारचा थेंब किती वाजता असतो हेही माहीत नव्हतं.

‘दोरी कुठे गेली?’

‘तो पसारा होय? आवरला मी. सगळं जागच्या जागी.’

आलेचने डावा हात माझ्यापुढे धरला. माझ्या मंद डोळ्याला हात दिसला आणि त्यावरचा एक पिवळा ठिपका दिसला.

‘आई, तुमच्या लक्षात आहे. पण माझ्या हातावर आहे.’

हे ती आवाज न चढवता म्हणाली. मी तिला इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकवलं होतं, ‘तुझ्या काही लक्षात राहत नाही, माझ्यावर विश्वास ठेव.’ आणि तिने ठेवला होता. त्या दिवशी ठेवला नाही. मला राग आला, हेही सांगते. ग्रंथालयातली इतकी वर्षं एका रबरापुढे हरणार, हे मला पटेना.

‘मला ती केस काळे करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आठवतेय,’ मी म्हटलं. ‘आत्ताच सांगितलीस तू.’

‘ती कालची, आई. आज दुपारी मी आतच आले नाही.’

‘रबर सरकवायला विसरली असशील.’ लख्खमावशी म्हणाली. ‘विसरायची काय कमी सवय आहे तुला?’

मला वाटलं, आलेच मोडली. पण ती म्हणाली, ‘विसरू शकते. म्हणून बाटली आणि रबर एकाच वेळी हलवते. बाटली ठेवायच्या आधी रबर, असंच करते रोज. बाटल्या द्या मावशी. आधी इस्पितळात विचारते काय करायचं ते.’

‘देते की,’ म्हणत लख्खमावशी उठली. औषधांचा खण उघडला. नाहीत. फ्रिज उघडला, नाहीत. डब्यांची फळी बघितली, देवघर बघितलं, बाथरूमचं कपाट बघितलं. दहा मिनिटांनी ती धापा टाकू लागली. ‘मी अगदी योग्य जागी ठेवल्या,’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ‘इतकी योग्य जागा की ठेवताना म्हटलं, इथे सापडल्याच पाहिजेत.’

‘फोन कुठाय?’ आलेचने विचारलं.

‘तोही तिथेच.’

आणि मग आम्ही तिघीही ऐकायला लागलो, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घर शांत होतं. कुठूनतरी खूप खोलवरून, कोणी उशीत तोंड घालून गावं तसा, गजराचा आवाज येत होता. लख्खमावशीने तो बंद केला नव्हता. तिने दाबलं होतं ते ‘थोड्या वेळाने पुन्हा’ असं बटण. ड्रायर चालू असताना आणि मी घोरत असताना तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला होता.

आवाज पाहुण्यांच्या चादरींच्या कपाटातून येत होता. घडीच्या मधोमध फोन, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बाटल्या. पडद्यावर अक्षरं होती. आलेचने मला ती वाचून दाखवली, कारण मला वाचता येत नव्हतं. ‘कंगवा ठेव. हात धू. लाल टोपी. उजवा डोळा. वाटेत काही सापडलं तर उचलू नकोस.’

बाटली हातात आल्याशिवाय आलेच गजर बंद करत नसे. ज्या अर्थी तो अजून वाजत होता, त्या अर्थी दुपारची बाटली आज कोणाच्या हातात आलीच नव्हती. माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मी म्हटलं, ‘रबर बरोबर आहे.’

आलेचने इस्पितळात फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, उशीर झाला तरी आत्ता घाला, पुढचा आपल्या वेळेला घाला, भरपाई म्हणून दोन एकदम घालू नका. आलेचने हात धुतले. मी मान मागे टाकली. थेंब अगदी मधोमध पडला. मग तिने पिवळं रबर उजव्या मनगटावर चढवलं, आधी रबर, मग बाटली खाली. पार्लरमधली बाई अर्धे केस ओले घेऊन दारात येऊन बघत होती, आणि तिला कोणी जा म्हणालं नाही.

‘म्हणजे चुकलं ना,’ लख्खमावशी हळूच म्हणाली. ‘ठरलंय ताई. एक वेळ चुकली तर माझ्याकडे.’

आलेचने माझ्या हातात वाळूचं घड्याळ दिलं.

‘चुकलं नाही, उशीर झाला,’ मी म्हटलं. ‘आणि उशीर तिने केला नाही, तू घडी घालून कपाटात ठेवलास. मी तुझ्याकडे आले तर माझा डोळाही तू कुठेतरी अगदी योग्य जागी ठेवशील.’

लख्खमावशी फुगून बसली. पण वाळू सरून पांढऱ्या टोपीचा थेंब पडेपर्यंत तीही तिथेच बसली, आणि मग तिने स्वतःच दोरी आणून दिली. गाठ मात्र आलेचने मारली. जाताना लख्खमावशी चष्मा विसरली. आलेचने तो धावत नेऊन दिला नाही. मावशीच्या सवयी माहीत होत्या तिला. चष्मा दाराच्या वरच्या कडीला बांधला, आणि पाच मिनिटांनी छत्री न्यायला परत आलेल्या लख्खमावशीच्या तो थेट कपाळाला लागला.

त्या संध्याकाळी मी माझी पिशवी रिकामी केली. मुलाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वस्तू जागच्या जागी ठेवतेय.

थेंब संपले. डॉक्टरांनी डोळा बघितला, तक्त्यावरची शेवटची ओळ मी खणखणीत वाचली. घरी आले आणि सगळ्यात आधी आलेचचा चेहरा नीट बघितला. बरीच वाळली होती. गिऱ्हाईक असलं की ती जेवायचं विसरते, हे मला माहीत होतं. पण दिसलं ते आज.

ती दोरी सोडायला लागली तेव्हा मी म्हटलं, ‘राहू दे.’ मी पुठ्ठ्याचं एक नवं घड्याळ कापलं, दुपारचे काटे रंगवले आणि खाली ताट काढलं. चित्र काही बरं जमलं नाही. आता दुपार झाली की मी स्वतः बोळकांडीत जाऊन उभी राहते, टोपलीतल्या फोनचा गजर वाजू देते आणि पानं वाढते. मग वाळूचं घड्याळ उलटं करून ताटाशेजारी ठेवते, नव्या डोळ्याने त्याच्याकडे बघत बसते.

काल पार्लरमधून आवाज आला, ‘आलेच.’ मी वाळूकडे बघितलं. ती आली, हात धुतले, पाटावर बसली, आणि डाव्या मनगटावरचं पिवळं रबर उजव्या मनगटावर सरकवलं. वाळू अजून निम्मी वर होती.